एका बोअरवर पाच वाटेकरी: तास बरोबर वाटले तरी भांडण मिटेना

शिवारातला

आजोबांच्या वेळची विहीर आटल्यावर आम्ही चुलत-सख्खे मिळून पाच जणांनी बोअर घेतलं आणि साडेसात एचपीची सबमर्सिबल सोडली. जमिनी अशा: थोरल्या चुलत्यांची 4 एकर, मधल्या भावाची 3, माझी 3, धाकट्या चुलत्यांची 2 आणि चुलतबहिणीची 2. एकूण 14 एकर. थ्री फेज लाईट रोज आठ तास मिळते. सोमवार ते गुरुवार दिवसा, शुक्रवार ते रविवार रात्री.

सध्याची पाळी सांगतो. सोमवार-मंगळवार थोरले चुलते. बुधवार आणि गुरुवारचे पहिले चार तास मधला भाऊ. गुरुवारचे उरलेले चार तास आणि शुक्रवार माझा. शनिवारी धाकटे चुलते, रविवारी बहीण.

कागदावर कुणाचा तास कमी नाही, तरी दर हंगामात कुरबुर होते. बहीण म्हणते, मला कायम रात्रच का? मी म्हणतो, गुरुवारी माझ्या वाट्याला येतं तेव्हा पाणी बारीक झालेलं असतं. थोरले म्हणतात, लाईट गेली तर माझे तास कोण भरून देणार? एकमेकांशी बोलणं बंद व्हायच्या आत नीट पाळी लावायची आहे. तुमच्याकडे कसं चालतं ते सविस्तर सांगा.

बांधावरून

हिशोब तर सोपा आहे. रोज आठ तास म्हणजे आठवड्याचे 56 तास. भागिले 14 एकर, एकरी 4 तास. थोरल्यांना 16, तुम्हा दोघांना 12-12, बाकी दोघांना 8-8. तुमची पाळी याच हिशोबाने बसलेली आहे, त्यामुळे तासांत काही खोट नाही.

राहिला रात्रीचा प्रश्न. एक आठवडा सरळ पाळी चालवा, दुसरा आठवडा उलटी. या आठवड्यात बहीण रविवारी असेल तर पुढच्या आठवड्यात ती सोमवारी पहिली. थोरले जातील शनिवार-रविवारवर. रात्र सगळ्यांना वाटून येईल. आमच्या विहिरीवर आम्ही तिघे असंच करतो.

टेलचा शेतकरी

दादा, पाळीसाठी आधी सात नंबरचा अर्ज भरलाय का? आमच्या चारीवर ज्यांनी अर्ज भरला नाही त्यांना पाटकरी दारच उघडू देत नाही. आणि शेवटी असाल तर आवर्तन सुटल्यावर पहिल्या दिवसापासून चारीवर हजर राहा. आमचं शेत चारीच्या अगदी टोकाला. वरचे लोक रात्री दारं फोडतात आणि आमच्यापर्यंत येतो नुसता ओलावा. मागच्या आवर्तनात माझा हरभरा ऐन फुलात असताना तीन दिवस चारीवर बसून होतो.

शिवारातला

काका, आमचं बोअर आहे, कालव्याचं पाणी नाही. पण शेवटच्याचं दुखणं सारखंच म्हणायचं. बहिणीचं शेत बोअरपासून सगळ्यात लांब, साधारण नऊशे फूट. मातीचा पाट आहे. मोटर चालू केल्यापासून पाणी तिच्या पहिल्या वाफ्यात पडायला चाळीस मिनिटं जातात.

जुना मोजणीदार

हे चाळीस मिनिटांचं आधी सांगायला हवं होतं, ते महत्त्वाचं आहे. त्याकडे येतो.

आधी सरळ-उलट पाळीबद्दल. तीन वाटेकरी असतील तिथे ते खपून जातं, पाच ठिकाणी फसतं. बहिणीचंच पाहा. पहिल्या आठवड्यात तिची पाळी रविवारी. उलट केल्यावर दुसऱ्या आठवड्यात सोमवारी. म्हणजे लागोपाठ दोन दिवस पाणी, रान अजून ओलं असतानाच दुसरं बारं. आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यातला रविवार, मध्ये बारा कोरडे दिवस. थोरल्यांचं तसंच, मंगळवारी पाणी संपलं की पुढचं थेट पुढल्या शनिवारी. वहीत तास बरोबर दिसतील आणि हलक्या रानातलं पीक मान टाकेल. पाळी ठरवताना किती तास याच्याइतकंच दोन पाण्यांत किती दिवस हे धरावं लागतं, आणि ते अंतर सगळ्यांना सारखं हवं.

तुमची मूळ अडचण अशी आहे की पाळीचा फेरा सात दिवसांचा आणि लाईटचाही सात दिवसांचा. दोन्ही एकाच चालीने चालतात म्हणून बहिणीचा रविवार आणि रविवारची रात्र एकमेकांना कधी सोडतच नाहीत. तुम्ही फेरा आठ दिवसांचा करा. क्रम तोच, तास तेच, फक्त बहिणीनंतर एक दिवस राखीव. या फेऱ्यात तिची पाळी रविवारी आली तर पुढची सोमवारी, मग मंगळवारी, असं एकेक वार पुढे सरकेल. सात फेऱ्यांत, म्हणजे 56 दिवसांत, प्रत्येकाचा प्रत्येक दिवस सातही वारांवरून जाऊन येतो. तिच्या सात पाळ्यांपैकी चार दिवसा आणि तीन रात्री. धाकट्या चुलत्यांच्याही तशाच. थोरल्यांचे दोन दिवस असतात, त्यांच्या चौदापैकी आठ दिवसा आणि सहा रात्री. कुणी कितीही ताणून हिशोब केला तरी प्रमाण सगळ्यांचं चारास तीनच निघतं. आणि दोन पाण्यांतलं अंतर कधीच बदलत नाही.

पंजाब-हरियाणाकडे कालव्यावर वारबंदी आहे. तिथे आठवड्याचे पुरे 168 तास जमिनीच्या प्रमाणात वाटलेले असतात आणि ज्याची वेळ त्याचीच. तिथेही हीच रात्रीची तक्रार, म्हणून बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदा सगळं वेळापत्रक बारा तासांनी सरकवतात. त्यात एक वर्षभर रात्र सोसावी लागते. तुम्हाला तेवढं थांबायची गरज नाही.

बांधावरून

मोजणीदार काका, बारा दिवसांची खोच माझ्या ध्यानात आली नव्हती. आमच्याकडे तिघांत प्रत्येकाला दोन-दोन दिवस आणि सगळ्यांचं ठिबक असल्यामुळे ती जाणवलीच नसेल.

पण राखीव दिवस म्हणजे आठातला एक दिवस मोटर बंदच ना? पाण्याची इतकी मारामार असताना आठ तास सोडून द्यायचे, हे कोण ऐकेल?

जुना मोजणीदार

बंद ठेवण्यासाठी नाही म्हणत. थोरल्यांच्या तक्रारीचं उत्तर त्या दिवसात आहे.

लाईट गेली की दोन पद्धती दिसतात. एक, गेली ती पाळी गेली. यात ज्याच्या दिवशी डीपी जळाला तो मेला. दुसरी, राहिलेले तास पूर्ण करूनच पुढच्याला द्यायचं. ऐकायला रास्त वाटते, पण एकाचे तीन तास सरकले की मागच्या चौघांचे सरकतात. दोन आठवड्यांत आज पाणी कुणाचं हेच कुणाला सांगता येत नाही. रात्री बाराला उठून गेलेला माणूस दुसऱ्याची मोटर चालू बघतो, आणि पहिली हाणामारी तिथे होते.

म्हणून पाळी घड्याळावर घट्ट ठेवायची, कुणाचीही सरकवायची नाही. बुडालेले तास वहीत लिहायचे आणि आठव्या दिवशी भरून द्यायचे. एक तासाच्या आतली तूट धरायची नाही, नाहीतर वही मिनिटांनी भरेल. बुडालेले तास आठापेक्षा जास्त झाले तर ज्याचं जितकं बुडालं त्या प्रमाणात वाटायचे.

आणि तास माणसाच्या सांगण्यावर लिहू नका. स्टार्टरच्या पेटीत तास मोजणारं मीटर बसवून मिळतं, मोटर फिरते तेवढाच वेळ त्यात चढतो. पाळी सुरू होताना आणि संपताना त्याचा आकडा दोघांनी मिळून वहीत लिहायचा, जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने.

आता बहिणीची चाळीस मिनिटं. मोटर तिच्या नावावर चालते आणि पाणी पाट पीत असतो. वारबंदीत याला भराई म्हणतात. तो वेळ सगळ्यांच्या सामाईक तासांतून काढून त्या शेतकऱ्याला जादा देतात. तुम्हीही आठव्या दिवसातले पहिले चाळीस मिनिटं न विचारता तिला द्या. फक्त त्यासाठी पाट पुन्हा कोरडा पडता कामा नये, म्हणून आठवा दिवस तिच्या पाळीला लागूनच ठेवलाय. एरवी त्या चाळीस मिनिटांत पाणी नुसतं पाटाच्या टोकाला पोचेल.

काळी माती

तासांवर सगळे बोलताहेत, पण शिवारातला यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच लिहिली आहे. गुरुवारी त्यांच्या वेळेला पाणी बारीक होतं. कालव्यात तास म्हणजे पाणी, कारण धार दिवसभर जवळजवळ सारखी असते. बोअरमध्ये तसं नसतं. सोळा तास विसावा मिळालेला असतो तेव्हा पातळी वर असते आणि मोटर जोरात फेकते. उपसा चालू राहतो तशी पातळी खाली जाते, तेवढ्याच ताकदीत जास्त खोलातून ओढायचं म्हणून धार कमी होते.

दोनशे लिटरचा ड्रम घ्या, मोबाईलवर सेकंद लावा. मोटर चालू झाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं सोडून द्या आणि मग दर दोन तासांनी ड्रम किती सेकंदांत भरतो ते लिहा. बोअरच्या तोंडाशीच मोजा, शेतात नको. नाहीतर पाटाची गळती त्यात मिसळेल. आकडे इथे टाका.

शिवारातला

काल मोजलं. भाऊ आणि मी दोघेही ड्रमाजवळ उभे होतो, म्हणजे नंतर वाद नको. सुरुवातीला 40 सेकंद. दोन तासांनी 44. चार तासांनी 50. सहा तासांनी 60. बंद करायच्या वेळी 66, आणि शेवटी शेवटी मध्येच हवा मारत होतं.

काळी माती

सुरुवातीला तासाला 18 हजार लिटर, मध्यावर 14,400, शेवटी 11 हजारांच्या आसपास. पहिल्या चार तासांत साधारण 65 हजार लिटर निघतात, पुढच्या चार तासांत 49 हजार. भावाने आणि तुम्ही गुरुवार निम्मा-निम्मा वाटलात, पण दर खेपेला तुम्हाला जवळपास 16 हजार लिटर कमी मिळतात. तुमचं म्हणणं खरं आहे आणि भावाचीही त्यात लबाडी नाही.

उपाय इतकाच की तुटका दिवस ज्या दोघांत आहे त्यांनी दर फेऱ्याला पहिला आणि दुसरा भाग आलटून-पालटून घ्यायचा. बाकीच्यांना पूर्ण दिवस मिळतो म्हणून त्यांच्यात हा फरक पडत नाही. कुणाचाही दिवस कधी मोडायचा नाही एवढं पाळा.

आणि हवा मारत असेल तर ते तास तासांत धरू नका. ती मोटरच्या जिवावरची गोष्ट आहे, पाण्याशिवाय फिरली की वाइंडिंग जळेल. उन्हाळ्यात आठ तास चालवण्याऐवजी तीन तास चालवून दोन तास बंद आणि पुन्हा तीन तास, असं करून बघा. सहा तासांत जवळपास तितकंच पाणी मिळेल असा माझा अंदाज आहे, पण ड्रम लावूनच ठरवा. प्रत्येक बोअरचा झरा वेगळा.

रात्रपाळी

मी त्या बहिणीच्या जागेवरची आहे म्हणून लिहिते. आमचं पाणी सहा जणांत. मिस्टर बाहेरगावी नोकरीला, शेत मी आणि सासूबाई बघतो. रात्रीची पाळी म्हणजे एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरं, आणि दारं धरायला दुसरं कुणी नाही. एका वाफ्यात पाणी बदलायला गेलं की दुसरीकडे बांध फुटलेला असतो. मागच्या वर्षी पाटात पाय ठेवला तिथेच साप होता, नशीब म्हणून वाचले. रात्रीच्या आठ तासांत मी दिवसाच्या पाच तासांइतकंच रान भिजवू शकते. मोजणीदार काका म्हणतात चार दिवस, तीन रात्री सगळ्यांना सारख्या. पण मनुष्यबळ सगळ्यांकडे सारखं नाही. ज्याच्या घरी दोन तरणे मुलगे आहेत त्याची रात्र आणि माझी रात्र एकच धरायची का?

मी आमच्यात सांगून पाहिलं की माझ्या रात्रीच्या आठ तासांच्या बदल्यात मला दिवसाचे सहा द्या, दोन तास तुम्ही ठेवा. दोघे तयार झाले, तिघे म्हणाले असा पायंडा पडला की उद्या सगळेच मागतील.

बांधावरून

ताई, रात्री ऑटो स्टार्टर लावून ठेवला तर जाग्रणाची गरजच नाही. लाईट आली की मोटर आपोआप चालू.

रात्रपाळी

दादा, मोटर आपोआप चालू होते, दारं आपोआप बदलत नाहीत. लावून बघितलंय. मध्यरात्री लाईट आली, सगळं पाणी एकाच वाफ्यात, तिथून शेजारच्या कांद्यात. सकाळी शेजाऱ्यांची नुकसानभरपाई मीच दिली.

जुना मोजणीदार

ताईंचं खरं आहे. ऑटो स्टार्टर ठिबक किंवा टाकी असेल तिथेच. सामाईक मोटरवर मी तर तो काढूनच टाकायला सांगतो, कारण लाईट पाळी बदलायच्या वेळेला आली तर पाणी कुणाच्या रानात चाललंय हे कुणालाच माहीत नसतं.

तासांच्या अदलाबदलीबद्दल मला वाटतं की अदलाबदल दोघांच्या राजीखुशीने असावी आणि वहीत लिहावी, पण मूळ पाळीत तिचा दर ठरवू नये. आठास सहा, आठास पाच, प्रत्येकाला आपलाच दर योग्य वाटेल. बाकीच्यांचं मत वेगळं असू शकतं.

रात्रपाळी

राजीखुशीने म्हणजे समोरच्याची गरज असेल तेव्हाच. मला ते पटत नाही, पण पाळी सरकती झाली तर निदान चार पाळ्या तरी उजेडाच्या मिळतील. आमच्याकडे तेवढं तरी मांडून बघते.

काळी माती

आणखी एक हिशोब, कारण तो केल्याशिवाय कुठलीही पाळी टिकणार नाही. तुमच्या मापाने एका दिवसात सुमारे 1 लाख 14 हजार लिटर, सात दिवसांत 8 लाख. 14 एकरांवर पसरलं तर एकरी 57 हजार. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण चार हजार लिटर, तेव्हा एका फेऱ्याला 14 मिलिमीटर मिळतात. पीक ऐन वाढीत असताना हिवाळ्यात रोज तीन-चार मिलिमीटर पितं, म्हणजे आठ दिवसांना 25 ते 30. उन्हाळ्यात त्याच्या दुपटीकडे. पाटात मुरतं ते वेगळंच.

म्हणजे या बोअरवर हिवाळ्यात निम्मं रान भिजतं, उन्हाळ्यात पाव. तुम्ही पाचही जण पूर्ण 14 एकरांवर पेरणी करून बसलात तर पाळी कितीही नेमकी लावा, शेवटी सगळ्यांचंच उणं पडणार आणि प्रत्येकाला वाटणार की दुसऱ्याने जास्त ओढलं. पेरणीच्या आधी बसा, ड्रम लावा आणि कुणी किती एकर ओलिताखाली घ्यायचं ते ठरवा. आणि पुन्हा फेब्रुवारीत मोजा, तेव्हाचा आकडा आत्तापेक्षा नक्की कमी असेल.

जुना मोजणीदार

अगदी योग्य. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर जी फड पद्धत होती तिचं मर्म हेच. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, प्रत्येकाचं थोडं थोडं रान निरनिराळ्या फडांत, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कमी दिसलं की एखादा फडच ओलिताला घ्यायचा नाही. तूट आली तर सगळ्यांना एकदम आली. पाणी द्यायचं काम पाटकरी करायचा, शेतकरी स्वतः दार उघडायचा नाही. तुम्हा पाच जणांना पाटकरी परवडणार नाही, पण आधी ओलिताचं रान ठरवणं तुमच्या हातात आहे.

टेलचा शेतकरी

आमच्या चारीवर हे कुणी ऐकणार नाही. वरच्यांनी ऊस लावला की त्यांच्या पाळ्या वाढतातच. 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थेला पाणी मोजून मिळायला पाहिजे असं सांगतात, पण आमच्या चारीच्या तोंडाशी मोजपट्टीच जागेवर नाही. मोजायचं कशाने?

शिवारातला

काल रात्री सगळे बसलो. इथलं सगळं मोबाईलवर वाचून दाखवलं. ड्रमचे आकडे कुणी नाकारले नाहीत कारण दोघांनी मिळून मोजले होते. आठ दिवसांचा फेरा 56 दिवसांसाठी करून बघायला चौघे तयार झाले. तास मोजणारं मीटर परवा बसेल. थोरले म्हणाले, आठवा दिवस आहे तर माझी हरकत नाही. बहिणीच्या पाटाला पाइप टाकायचं निघालं, खर्च कुणी करायचा यावर थांबलं.

पण मग धाकट्या चुलत्यांनी वेगळाच मुद्दा काढला आणि तिथे सगळे गप्प झालो. बोअर, मोटर, केबल, सगळा खर्च आम्ही पाच सारख्या हिश्शांत केला होता. जमिनीच्या प्रमाणात नाही. चुलते म्हणतात, पैसे भरताना मी पाचवा हिस्सा भरला आणि पाणी घेताना मला सातवा हिस्सा का? मला 56 तासांतले अकरा तास मिळायला हवेत.

बांधावरून

पण दोन एकरांना अकरा तास करणार काय? ज्याच्याकडे रान आहे त्यालाच पाण्याची गरज.

जुना मोजणीदार

कालव्याचं पाणी सरकारचं, तिथे ते जमिनीला जोडलेलं असतं. बोअर तुमच्या पैशाचं आहे, तिथे चुलत्यांचा दावा उडवून लावता येणार नाही. मी पाहिलेल्या ठिकाणी दोन मार्ग निघाले. एका ठिकाणी जास्त जमीनवाल्यांनी मूळ खर्चातला फरक कमी जमीनवाल्यांना परत केला आणि पाळी जमिनीवर कायम ठेवली. दुसऱ्या ठिकाणी हिस्से सारखे ठेवले आणि ज्याला जास्त तास हवेत त्याने वाटेकऱ्याकडूनच घ्यायचे असं ठरवलं. बाहेरच्याला पाणी द्यायचं नाही ही अट घातली होती. दुसऱ्या मार्गात कुरबूर जास्त झाली, पण ती गावं वेगळी, माणसं वेगळी. वीजबिल मात्र दोन्हीकडे मीटरच्या तासांवरच वाटायचे.

तुमची नोंद काय सांगते? बोअर घेताना काही लिहून ठेवलं होतं का?

शिवारातला

काहीच नाही. त्या वेळी विहीर आटलेली, उभं पीक जळत होतं, ज्याच्याकडे होते त्याने भरले. थोरले फरक परत द्यायला नाही म्हणाले नाहीत, पण आत्ता हातात पैसे नाहीत म्हणतात. पुढच्या सोमवारी पहिला फेरा एकरी चार तासांनीच सुरू करतोय, चुलत्यांनी एवढ्या एका खेपेला मान्य केलंय. कुणाकडे हिश्शाचं असं लिहून ठेवलेलं कलम असेल तर इथे टाका, मला सोमवारच्या आत हवं आहे.